पाटल्या कुणाच्या?

सराफाच्या पेढीवर मी छत्तीस वर्षे पावत्या लिहिल्या. आधी कार्बन घालून हाताने आणि शेवटची काही वर्षे संगणकावर. गिऱ्हाईक दागिना चार वेळा उलटासुलटा करून पाहते, काट्यावरचा आकडा वाचते, घडणावळीवरून घासाघीस करते. पावती हातात दिली की मात्र न वाचताच तिची चौघडी करून पिशवीत टाकते. तो कागद पुढे कधी तांदळाच्या डब्यात, कधी पोथीत, तर कधी चुलीत जातो.

पावतीची आठवण माणसाला तीन वेळा होते. दागिना मोडायला काढला म्हणजे, चोरी झाली म्हणजे आणि घरात वाटणी निघाली म्हणजे. पहिल्या दोन वेळी प्रश्न पैशाचा असतो. तिसऱ्या वेळी भाऊबहिणी एकमेकांचे तोंड पाहीनाशी होतात. म्हणून तिसऱ्यापासूनच सुरुवात करतो. आमच्या कृष्णाकाठचे एक घर आहे, गाव आणि नाव सांगत नाही. दोन भाऊ, एक बहीण. वडील 2011 साली गेले, आई 2019 साली गेली. आईने मृत्युपत्र केले नव्हते. तालुक्याच्या बँकेत आईच्या नावावर लॉकर होता आणि त्यावर थोरल्या मुलाचे नाव वारस म्हणून, म्हणजे नॉमिनी म्हणून लावलेले होते. बँकेने साक्षीदारांसमोर लॉकर उघडून यादी केली. त्यात ठुशी, मोहनमाळ, कानातली अशा वस्तू निघाल्या आणि पाटल्यांचा एक जोड निघाला. बाकीच्या वस्तूंवर कुणी अडले नाही. पाटल्यांवर मात्र सगळे अडले.

थोरल्या सुनेचे म्हणणे असे की, 1994 साली माझ्या लग्नात सासूबाईंनी या पाटल्या माझ्या हातात घातल्या. घरी कुलूप नाही म्हणून त्या त्यांच्या लॉकरात ठेवल्या. बहिणीचे म्हणणे असे की, या पाटल्या मी लहानपणापासून आईच्या हातात पाहिल्या आहेत. अण्णांनी हळदीच्या पट्टीतून त्या केल्या होत्या. आईच्या आहेत, तेव्हा तिघांच्या. दोघीही खोटे बोलणाऱ्या बायका नव्हेत. दोघींच्या डोळ्यांत पाणी होते, आणि भाऊ मान खाली घालून बसले होते.

"दिवाणजी, तुम्हीच सांगा. तुमच्याच पेढीचा माल आहे," बहीण म्हणाली.

"ताई, मी काय सांगणार? मी काही तुमच्या घरात राहिलो नाही. अण्णांचा कागदाचा डबा कुठं आहे?" मी विचारले.

अण्णा जुन्या वळणाचे गृहस्थ होते. बियाण्याच्या थैलीवरची चिठ्ठीसुद्धा फेकायचे नाहीत. धाकटा भाऊ दुसऱ्या दिवशी पत्र्याचा डबा घेऊन आला. सोसायटीच्या पावत्या, हळदीच्या पट्ट्या, वीजबिले यांच्या खाली आमच्या पेढीच्या तीन पावत्या निघाल्या. पहिल्या दोन माझ्याच अक्षरातल्या होत्या.

पहिली 1987 सालची. नाव अण्णांचे. पाटल्या जोड एक, 22 कॅरट, वजन 46.600 ग्रॅम. ही बहिणीच्या लहानपणीची पाटली, तिचे म्हणणे खरे ठरले असे तिला वाटले. दुसरी पावती 1994 सालच्या लग्नसराईतली, नाव पुन्हा अण्णांचे. बांगड्या सहा नग, वजन 60.200 ग्रॅम. आणि खाली एक ओळ: वजा मोड, आपलाच माल, पाटल्या जोड, 46.450 ग्रॅम. शेजारी 1987 च्या पावतीचा नंबर लिहिलेला. आपल्या पेढीचा माल परत आला की जुना नंबर टाकायचा, असा आमच्या मालकांचा दंडक होता. सात वर्षांत हातात घासून दीडशे मिलिग्रॅम गेले होते, तेवढे जायचेच.

म्हणजे बहिणीने लहानपणी पाहिलेल्या पाटल्या 1994 सालीच मोडल्या गेल्या आणि त्यांच्या बांगड्या झाल्या. मग लॉकरात निघाल्या त्या कोणत्या? तिसरी पावती 2003 सालची, आईच्या नावावर. पाटल्या जोड एक, 40.120 ग्रॅम. लॉकरातला जोड काट्यावर ठेवला, 39.980 भरला. आतल्या बाजूला आमचा शिक्का होता. हा जोड सुनेच्या लग्नानंतर नऊ वर्षांनी घडलेला होता. तो लग्नात हातात घालणे शक्यच नव्हते.

लग्नाचा अल्बम आणला. नवरीच्या हातात हिरव्या चुड्यामध्ये सोन्याच्या सहा बांगड्या दिसत होत्या, पाटल्या नव्हत्या. त्या सहा बांगड्या आजही तिच्या हातात होत्या. सासूने आपल्या पाटल्या मोडून सुनेला बांगड्या केल्या, हे खरे. त्यातली 'सासूबाईंच्या पाटल्या' ही गोष्ट सुनेच्या मनात राहिली आणि पंचवीस वर्षांत बांगड्यांची पाटली झाली. माणसाची आठवण अशीच असते, त्यात लबाडी नसते.

आता त्या तीन कागदांनी काय सिद्ध केले आणि काय नाही, हे नीट समजून घ्यायला हवे, कारण इथेच लोकांची गफलत होते. पावती एवढेच सांगते की अमुक तारखेला, अमुक नावाने, अमुक वजनाची आणि कसाची वस्तू विकत घेतली. वस्तू कुणाची झाली, हे ती सांगत नाही. 1994 ची पावती अण्णांच्या नावावर आहे म्हणून बांगड्या अण्णांच्या ठरत नाहीत. त्या लग्नात सुनेला दिल्या, तिने त्या घेतल्या आणि वापरल्या. त्या तिचे स्त्रीधन झाल्या. सोन्यासारखी जंगम वस्तू बक्षीस द्यायची तर ती हातात सोपवली की पुरते, नोंदणी लागत नाही. स्त्रीधनावर नवऱ्याचा किंवा सासरचा हक्क नाही. त्यांनी ते सांभाळायला ठेवले असेल तर ती ठेव आहे. हे सर्वोच्च न्यायालयाने 1985 साली प्रतिभा राणी खटल्यात स्पष्ट केले. 2024 सालीही केरळातल्या एका खटल्यात त्याच न्यायालयाने, स्त्रीधन ही नवराबायकोची सामाईक मालमत्ता नव्हे असे सांगून बायकोला 25 लाख रुपये द्यायला लावले. तिथे लग्नातले 89 पवन सोने वादात होते.

उलट 2003 च्या पाटल्यांचे पाहा. पावती आईच्या नावावर, लॉकर आईचा. "त्या मला दिल्या असं सासूबाई नंतर कितीदा म्हणाल्या होत्या," असे सून म्हणत होती, आणि म्हणाल्याही असतील. पण दिल्याचा कागद नाही, हातात सोपवल्याचा पुरावा नाही, आणि शेवटपर्यंत वस्तू देणारीच्याच कुलुपात. वकिलांचे मत पडले की पाटल्या आईच्याच धराव्या लागतील. 1956 च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे मृत्युपत्र न करता बाई गेली तर तिची मालमत्ता मुलगे, मुली आणि हयात असल्यास नवरा यांना सारखी जाते. म्हणजे इथे तीन सारखे वाटे. सून त्यात वारस नाही, तिचा नवरा आहे. आणि लॉकरचा नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. बँकेने वस्तू कुणाच्या हाती द्यायच्या एवढ्यापुरते ते नाव असते, पुढे वारसांना त्यांचा वाटा द्यावाच लागतो.

हा वाद मिटवायला सुनेच्या लग्नात एक कागद पुरला असता. हुंडाबंदी कायद्याखाली 1985 साली नियम झाले, त्यांत लग्नातल्या भेटींची यादी करायला सांगितले आहे. नवरीला मिळालेल्या वस्तूंची यादी नवरीने ठेवायची, नवऱ्याच्या वस्तूंची नवऱ्याने. प्रत्येक वस्तूचे थोडक्यात वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचे नाव आणि नाते लिहायचे आणि खाली नवरानवरी दोघांनी सह्या करायच्या. सही येत नसेल तर यादी वाचून दाखवून अंगठा घ्यायचा. मांडवात आहेराची वही घेऊन बसलेला चुलता प्रत्येक पातेल्याची नोंद करतो, पण सहा तोळ्यांच्या बांगड्या कुणी लिहीत नाही. लिहिणे म्हणजे अविश्वास, अशी आपल्याकडे समजूत आहे. मला ती कधी पटली नाही. पातेल्याची नोंद करताना कुणाला अविश्वास वाटत नाही.

त्या घराचे पुढे असे ठरले की पाटल्या थोरल्या सुनेनेच ठेवाव्यात आणि दीर व नणंद यांना त्यांच्या वाट्याचे पैसे द्यावेत. मग प्रश्न आला किमतीचा, आणि दागिना मोडताना पावतीचा काय उपयोग होतो हे तिथे दिसले.

पाटल्यांवर हॉलमार्क नव्हता. आपल्या देशात सोन्याचे हॉलमार्क 2000 साली सुरू झाले तरी ते ऐच्छिक होते, सक्ती जून 2021 पासून टप्प्याटप्प्याने आली. 2003 च्या पावतीवर 22 कॅरट लिहिलेले. बावीस कॅरट म्हणजे हजारात 916 भाग शुद्ध सोने. मशिनवर टंच पाहिला तर 908 आला. सुनेच्या कपाळावर आठी पडली. पण जुन्या घडणीच्या दागिन्यात असे होते. सांधे जोडायला जो डाग लावतात त्यात सोन्याखेरीज दुसरी धातू असते, आणि पुरा दागिना आटवला की त्याने सरासरी टंच थोडा उतरतो. 39.980 ग्रॅमला 908 ने हिशेब केला तर शुद्ध सोने 36.300 ग्रॅम निघते, 916 ने केला तर 36.620. फरक तीनशे वीस मिलिग्रॅमचा. वाटणीसाठी तिघांनी 908 धरला, प्रत्येकी 12.100 ग्रॅम शुद्ध, त्या दिवशीच्या मोडीच्या भावाने. हेच पाटल्या मोडायला आणल्या असत्या तर आमच्या पेढीने स्वतःच्या पावतीचा मान राखून 916 ने घेतल्या असत्या. दुसऱ्या गावच्या सराफाला आमच्या पावतीचे बंधन नाही, तो त्याच्या मशिनवरचा टंच धरणार. तेव्हा पावती असली तर माल आधी जिथून घेतला त्या पेढीवर न्यावा. आणि घडणावळ व कर परत मिळत नाहीत, कितीही चांगली पावती असली तरी.

मोडीच्या वेळी पावतीवरचा सर्वांत मोलाचा आकडा निव्वळ वजनाचा. आमच्याकडची बोरमाळ घ्या. तिचे मणी आतून पोकळ आणि लाखेने भरलेले. गोठांचेही तसेच. काट्यावर 30 ग्रॅम भरले तरी त्यात सोने किती आणि लाख किती हे बाहेरून दिसत नाही. पावतीवर एकूण वजन आणि निव्वळ सोन्याचे वजन वेगवेगळे लिहिलेले असेल तर मोडताना कुणी फसवू शकत नाही. नुसते 'बोरमाळ 30 ग्रॅम' असेल तर वाद होणारच. खड्यांच्या दागिन्यालाही हेच लागू.

फार जुन्या पावत्यांत तोळे, मासे, गुंजा दिसतील. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा, आणि तो तोळा 11.664 ग्रॅमचा. आज दुकानात तोळा म्हणतात तो दहा ग्रॅमचा. आजीच्या पावतीवर चार तोळे असतील तर ते साडेसेहेचाळीस ग्रॅमच्या वर भरायला हवेत, चाळीस नव्हे. आणि पावती 1963 ते 66 या काळातली असेल तर कसही पाहा. सुवर्ण नियंत्रणामुळे तेव्हा चौदा कॅरटपेक्षा वरचा नवा दागिना करायला बंदी होती. तसला दागिना पिवळा कमी दिसला म्हणून आजोबांना सोनाराने फसवले, असे समजू नये.

हल्लीच्या दागिन्यावर सहा अक्षरे-आकड्यांचा एक बारीक नंबर असतो, त्याला एचयूआयडी म्हणतात. 1 एप्रिल 2023 पासून सराफाला हॉलमार्कचा दागिना त्या नंबराशिवाय विकता येत नाही. मानक ब्यूरोच्या बीआयएस केअर या मोबाइल ॲपवर तो टाकला की दागिन्याचा प्रकार, शुद्धता, सराफ आणि तपासणी केंद्र दिसते. हा नंबर आल्यावर पावतीची गरज संपली, असे मला आता पोरे सांगतात. तसे नाही. त्या नंबरावरून सोने कसे आहे ते कळते, कुणाचे आहे ते कळत नाही. मालकाचे नाव त्यात नसतेच. तो नंबर पावतीवर लिहून घेतला तरच वस्तू आणि नाव यांची गाठ पडते.

आणि पावती म्हणजे पक्की पावती. करांचे तीन टक्के वाचवायला 'एस्टिमेट' नावाची कच्ची चिठ्ठी घेणारे पुष्कळ भेटतात. लाखाच्या खरेदीत तीन हजार वाचतात, कबूल. पण त्या चिठ्ठीवर बहुधा ना सही, ना नोंदणी नंबर, ना गिऱ्हाइकाचे नाव. उद्या दुकानदारानेच हात झटकले तर तिचा काय उपयोग?

चोरीचे थोडक्यात सांगतो. फिर्याद देताना 'अंदाजे आठ तोळे दागिने' असे लिहिलेले मी वाचले आहे. पुढे चोर सापडला तरी मुद्देमालात बहुतेक वेळा आटवलेली लगड येते. आपला दागिना ओळखायचा कसा? तेव्हा वजन आणि कस असलेली यादीच कामाला येते. घराचा विमा असेल तर दागिने त्यात वेगळे, नावानिशी आणि किमतीनिशी लिहिलेले असावे लागतात. पावत्या नसतील तर सरकारमान्य मूल्यांकनकाराचा दाखला विमा उतरवतानाच घ्यावा, चोरीनंतर घेतलेल्या दाखल्याला कोण विचारतो? शिवाय किंमत जुनीच ठेवू नये. आठ लाखांचे सोने जुन्या भावाने दोन लाखांचे दाखवले आणि त्यातले चार लाखांचे चोरीला गेले, तर पुष्कळ पॉलिसींच्या नियमाने कंपनी चौथा हिस्सा, म्हणजे एकच लाख देते. लॉकरात ठेवले म्हणजे बँक भरून देईल, हीही समजूत अर्धवट आहे. आत काय आहे हे बँकेला माहीतच नसते. आग, चोरी किंवा बँकेच्याच माणसाची लबाडी यांमुळे नुकसान झाले तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाने बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभरपटीपर्यंत. भाडे दोन हजार असेल तर दोन लाख. आत किती होते हे तुम्हालाच दाखवावे लागणार.

म्हणून दागिना एका जागी आणि पावती दुसऱ्या जागी ठेवावी. एकाच डब्यात दोन्ही ठेवले तर चोर दोन्ही नेतो. छापील पावतीची शाई काही कागदांवर पाचसात वर्षांत उडते, तिची झेरॉक्स लगेच काढावी आणि मोबाइलवर फोटो काढून लेकीकडे किंवा भावाकडेही पाठवून ठेवावा. आणि पावतीच्या पाठीवर पेनाने दोन ओळी लिहाव्यात: हा दागिना कुणाला, कधी, कशानिमित्त दिला. खाली देणाऱ्याची सही. मोडला तर कोणत्या पावतीतला मोडला आणि त्याचे काय केले, हेही. आमच्या त्या घरात 2003 च्या पावतीच्या पाठीवर आईच्या हातच्या अशा दोन ओळी असत्या तर तिघांना पेढीवर यावेच लागले नसते.

वाचक भगिनींपैकी पुष्कळजणी म्हणतील, आमच्याकडे पावत्याच नाहीत, सगळे सासूबाईंकडून आलेले. त्यावरही उपाय आहे. मान्यताप्राप्त हॉलमार्क केंद्रात आपण स्वतः दागिना नेऊन टंच तपासून घेऊ शकतो, ते लेखी अहवाल देतात. अहवालात मालकी सिद्ध होत नाही, पण वस्तू, वजन आणि कस तारखेसह कागदावर येतात. एकेका दागिन्याचा फोटो काढावा, लग्नातला जुना फोटो असेल तर त्याच्या मागे दागिन्याचे नाव लिहावे. आणि सासूबाई हयात असतील तर त्यांच्याकडूनच यादी करून घ्यावी: हे मी अमकीला दिले, हे माझे आहे, ते माझ्यामागे अमकीला जावे. यातला 'माझ्यामागे'चा भाग मृत्युपत्रात मोडतो. ते साध्या कागदावर चालते, स्टँप किंवा नोंदणी सक्तीची नाही. पण सही किंवा अंगठा दोन साक्षीदारांसमोर हवा आणि त्या दोघांनीही तिथेच सही करायला हवी. ज्यांना दागिना मिळायचा आहे त्यांना साक्षीला बसवू नये. 'दिले'चा भाग मात्र नुसता लिहून ठेवू नये. तो दागिना त्या दिवशी तिच्या हातात द्यावा आणि पुन्हा आपल्या लॉकरात ठेवायचा असेल तर सांभाळायला ठेवला, असे यादीतच लिहावे.